टक्के कळले, पण ते आले कुठून? दिव्यांगत्व प्रमाणपत्र कसे वाचावे



दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हातात आले की बहुतेकांची नजर एकाच ठिकाणी जाते, टक्क्यांवर. ४० च्या वर असेल तर सुस्कारा, खाली असेल तर निराशा. ते साहजिकच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे आरक्षणासारखे अनेक लाभ ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठीच आहेत. पण या लेखात मला तुमची नजर त्या आकड्यावरून थोडी बाजूला न्यायची आहे. तो आकडा ज्या तपासणीवर आणि ज्या हिशोबावर उभा आहे, ते कागदावर लिहिलेले आहे का, हा माझा प्रश्न आहे.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. वैद्यकीय मंडळाने तपासणीत काय आढळले आणि टक्केवारी कोणत्या पद्धतीने काढली हे लिहून दिलेच पाहिजे. तसे नसेल तर तो आकडा खरा असला तरी दुबळा राहतो. त्याची फेरतपासणी करता येत नाही, त्याविरुद्ध नीट अपील करता येत नाही, आणि कोर्टात त्याच्यामागे उभे राहायला काही उरत नाही. हे नुसते म्हणून पटणार नाही, म्हणून एक हिशोब सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडून दाखवतो.

एक गुडघा, एक फरशीवाला

समजा, ३८ वर्षांचा एक माणूस आहे. फरशी बसवण्याचे काम करतो. २०२२ मध्ये दुचाकीच्या अपघातात त्याच्या डाव्या नडगीचे हाड गुडघ्याजवळ, सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत मोडले. ऑपरेशन झाले, प्लेट बसवली, हाड जुळले. पण गुडघा पूर्ण वाकत नाही. सात महिन्यांनी तो जिल्हा रुग्णालयाच्या मंडळासमोर गेला.

(हा माणूस मी उदाहरणासाठी उभा केला आहे. पण अशा गुडघ्याची माणसे तुमच्या ओळखीत नक्की असतील.)

त्याला जर एवढेच लिहून मिळाले की 'डाव्या गुडघ्याचे फ्रॅक्चर, दिव्यांगत्व ४३ टक्के', तर त्यातून आपल्याला काय समजते? गुडघा किती वाकतो, माहीत नाही. ताकद किती, माहीत नाही. ४३ टक्के पायाचे की सगळ्या शरीराचे, तेही माहीत नाही. आता तेच ४३ टक्के कसे येतात ते पाहू.

केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ रोजी मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. त्यांत पायाचा विचार दोन भागांत केला आहे: हालचाल आणि स्थैर्य. हालचालीत पुन्हा दोन गोष्टी मोजतात, सांधा किती हलतो आणि स्नायूंत ताकद किती आहे.

पहिली पायरी, सांध्याची हालचाल. ही नजरेच्या अंदाजाने सांगायची नसते. कोनमापकासारखे दोन पट्ट्यांचे एक साधे साधन असते, त्याला गोनिओमीटर म्हणतात. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या रेषेत धरायची, आणि रुग्णाने स्वतः गुडघा वाकवल्यावर कोन वाचायचा. आपल्या माणसाचा चांगला, म्हणजे उजवा गुडघा ० ते १४० अंश वाकतो. डावा ० ते ७०. म्हणजे निम्मी हालचाल गेली, ५० टक्के. पण पायात कंबर, गुडघा आणि घोटा असे तीन मोठे सांधे आहेत आणि प्रत्येकाला सारखे वजन दिले आहे, ०.३०. म्हणून ५० गुणिले ०.३०, म्हणजे १५ टक्के.

दुसरी पायरी, ताकद. स्नायूंची ताकद आम्ही ० ते ५ अशी मोजतो. ५ म्हणजे पूर्ण ताकद, ० म्हणजे अजिबात हालचाल नाही. ३ म्हणजे पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, पण मी हाताने थोडा जरी विरोध केला तरी टिकत नाही. ४ म्हणजे काही विरोध झेलतो, पण पूर्ण नाही. तक्त्याप्रमाणे ४ ला २० टक्के ताकद कमी धरतात. आपल्या माणसाचे गुडघा सरळ करणारे आणि वाकवणारे, दोन्ही स्नायुगट ४ वर आहेत. सरासरी २० टक्के, गुणिले ०.३०, म्हणजे ६ टक्के.

आता १५ आणि ६ मिळून २१ होत नाहीत, इथे लोक चकतात. एकाच पायात दोन उणिवा असतील तर दुसरी उणीव उरलेल्या क्षमतेवर लावायची असते. एखाद्या वस्तूवर आधी एक सूट आणि मग उरलेल्या किमतीवर दुसरी सूट मिळावी, तसेच हे. त्यासाठी सूत्र असे आहे:

अ + ब × (९० − अ) ÷ ९०

यात 'अ' म्हणजे मोठा आकडा आणि 'ब' म्हणजे लहान. म्हणजे १५ + ६ × ७५ ÷ ९० = १५ + ५ = २०. हालचालीच्या भागाचे झाले २० टक्के.

तिसरी पायरी, स्थैर्य. हा भाग मला सगळ्यात माणसाच्या जवळचा वाटतो, कारण यात रुग्णाला रोजच्या गोष्टी करून दाखवायला सांगतात. सपाट जमिनीवर चालणे, उतारावर चालणे, जिना चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, दुखऱ्या पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे, गुडघे टेकून बसणे आणि वळणे. अशा नऊ क्रिया, प्रत्येकीला १० गुण. आपला माणूस चालतो, जिना चढतो, वळतो. पण उकिडवा बसू शकत नाही, मांडी घालता येत नाही, गुडघे टेकता येत नाहीत. तीन क्रिया गेल्या, ३० टक्के.

आता शेवटची जोडणी, त्याच सूत्राने. मोठा आकडा ३०, लहान २०. म्हणजे ३० + २० × ६० ÷ ९० = ३० + १३.३३ = ४३.३३. धरायचे ४३ टक्के, आणि हे डाव्या पायाच्या संदर्भात.

पाय आखूड झाला असेल, वेदना, व्यंग किंवा संवेदना कमी असेल तर त्याचे वेगळे गुण असतात. आपल्या उदाहरणात तसे काही नाही असे धरू.

मंडळी, हे सगळे सरळ बेरीज करून काढले असते तर १५ अधिक ६ अधिक ३० म्हणजे ५१ आले असते. गुडघा पाहून 'साधारण तीसेक टक्के असेल' असे म्हटले असते तर ३० आले असते. रुग्ण तोच, गुडघा तोच. म्हणून आकड्यासोबत त्याची वाट दिसली पाहिजे, असे मी म्हणतो.

टक्के कशाचे, पायाचे की माणसाचे?

प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यात निदान, बाधित अवयव, टक्केवारी आणि मार्गदर्शक तत्त्वांचा क्रमांक व तारीख लिहिण्याची जागा असते. स्थिती सुधारण्याची शक्यता आहे का आणि पुन्हा तपासणी कधी, हेही त्यात असते. ही माहिती मोलाची आहे. पण गुडघा किती अंश वाकतो, ताकद किती, कोणत्या क्रिया जमत नाहीत, यासाठी तिथे रकाना नाही. ते सगळे मंडळाच्या केसपेपरवर राहते, आणि केसपेपर रुग्णालयात राहतो.

लाभांच्या योजनांसाठी बहुतेक वेळा प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पुरते. अडचण होते ती अपघाताच्या भरपाईच्या वेळी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर प्रश्न वेगळा असतो. तिथे 'पाय किती टक्के गेला' यापेक्षा 'कमाई किती टक्के गेली' हे ठरवायचे असते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०१० च्या एका निकालात हा फरक फार सोप्या शब्दांत समजावला आहे. एका अवयवाचे टक्के म्हणजे सगळ्या शरीराचे टक्के नव्हेत. उजव्या हाताचे ६० टक्के आणि डाव्या पायाचे ८० टक्के अपंगत्व असेल तर शरीराचे १४० टक्के होत नाही. आणि शरीराचे जे काही टक्के येतील, तेच कमाईच्या नुकसानीचे टक्के असतील असेही नाही. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ सगळीच जाऊ शकते. तोच सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकू शकते. कमाईचा भाग न्यायाधिकरणाने ठरवायचा, डॉक्टरने नाही. डॉक्टरने सांगायचे ते शरीराचे.

याच निकालात आणखी एक गोष्ट आहे जी प्रत्येक अपघातग्रस्ताला माहीत हवी. नुसते प्रमाणपत्र दाखल केले म्हणजे टक्केवारी सिद्ध झाली असे होत नाही. ज्याने उपचार केले किंवा ज्याने तपासून मूल्यमापन केले, त्या डॉक्टरला उलटतपासणीसाठी यावे लागते.

आता विचार करा. अपघातानंतर तीन-चार वर्षांनी मंडळावरचा डॉक्टर साक्षीला उभा आहे. मधल्या काळात त्याने शेकडो गुडघे पाहिले. विमा कंपनीचे वकील विचारतात, "४३ टक्के कशावरून?" त्याच्यासमोर फक्त '४३ टक्के' असेल तर तो काय सांगणार? पण कागदावर '० ते ७० अंश, ताकद ४, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे अशक्य' असे असेल, तर तो गुडघा त्याच्यासमोर पुन्हा उभा राहतो.

आपल्या फरशीवाल्याचे काय होते ते पाहा. फरशी उभ्याने बसवता येत नाही. दिवसभर उकिडवे बसून किंवा गुडघे टेकूनच ते काम होते. त्याच्या पोटाच्या प्रश्नाचे उत्तर ४३ या आकड्यात नाही, ते 'उकिडवे बसता येत नाही, गुडघे टेकता येत नाहीत' या ओळीत आहे. हीच जखम एखाद्या बँकेतल्या कारकुनाला झाली असती तर त्याचेही पायाचे ४३ टक्केच आले असते, आणि तो तीन महिन्यांनी कामावर गेला असता. दोघांच्या प्रमाणपत्रावर फक्त आकडा असेल तर दोघे सारखेच दिसतात. म्हणून मला ती एक ओळ आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. तिच्यावाचून न्यायाधिकरणाला कमाईचा विचार करायला पायाच मिळत नाही.

शिक्षणाच्या बाबतीतही न्यायालय याच दिशेने गेले आहे. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाचादोषाच्या टक्केवारीमुळे एमबीबीएसच्या प्रवेशासाठी अपात्र ठरवले होते. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसत्या आकड्यावरून अपात्र ठरवू नका. हे दिव्यांगत्व अभ्यासक्रमाच्या आड येते की नाही हे मंडळाने लिहावे, आणि येत असेल तर कारणे द्यावीत. 'कारणे द्यावीत', हे दोन शब्द मला प्रत्येक मंडळाच्या भिंतीवर लावावेसे वाटतात.

दोन वर्षांनी टक्के कमी झाले तर

आता गोष्ट पुढे नेऊ. पहिली तपासणी सात महिन्यांनी झाली होती. हाड जुळले तरी सांधा आणि स्नायू सुधारायला आणखी वाव असतो. म्हणून शहाण्या मंडळाने त्याला तात्पुरते प्रमाणपत्र दिले, 'सुधारण्याची शक्यता आहे, दोन वर्षांनी पुन्हा तपासणी'. माणसाने नेटाने फिजिओथेरपी केली.

दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तपासले. मूल्यमापनाची तत्त्वे मार्च २०२४ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली आहेत, त्यामुळे मंडळ त्या वेळी लागू असलेली तत्त्वे वापरेल. पण तुलना सोपी जावी म्हणून आपण हिशोब पहिल्याच पद्धतीने करू. गुडघा आता १०५ अंश वाकतो. गेलेली हालचाल १४० पैकी ३५, म्हणजे २५ टक्के, गुणिले ०.३०, म्हणजे ७.५. ताकद पूर्ण आली, ५. तिथे शून्य. खाली बसण्याच्या तीन क्रिया मात्र अजून जमत नाहीत, ३०. जोडणी: ३० + ७.५ × ६० ÷ ९० = ३० + ५ = ३५ टक्के.

४३ चे ३५ झाले. माणूस आता ४० च्या खाली आला. घरात एकच चर्चा, "आधीच्या डॉक्टरांनी दिले, यांनी कापले." कोणी म्हणेल पहिले मंडळ ढिले होते, कोणी म्हणेल दुसऱ्याने पैसे मागितले असतील.

दोन्ही वेळचे निष्कर्ष हातात असतील तर संशयाला जागा राहत नाही. गुडघा ३५ अंशांनी जास्त वाकतो, ताकद भरून आली, म्हणून आठ टक्के कमी झाले. आणि त्याच कागदावर हेही दिसते की त्याच्या कामासाठी लागणाऱ्या तीन क्रिया तेव्हाही नव्हत्या आणि आजही नाहीत. हे कटू आहे, पण समजण्यासारखे आहे. उलट दुसऱ्या कागदावर गुडघा ७० अंशच लिहिलेला असेल, ताकद ४ च असेल, आणि तरीही टक्के ३५ आले असतील, तर हिशोबात काहीतरी चुकले आहे किंवा पद्धत बदलली आहे. मग अपिलात नेमके बोट ठेवता येते. कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. पण 'मला कमी दिले' हे अपिलाचे कारण म्हणून लंगडे आहे. 'गुडघा ७० अंश वाकतो असे लिहिले आहे, त्याचे १५ टक्के धरायला हवे होते ते धरलेले नाहीत' हे कारण उभे राहते.

तपासणी कुठे घसरते

निष्कर्ष लिहिले म्हणजे ते बरोबरच असतात असे नाही. पण लिहिलेली चूक सापडते, न लिहिलेली सापडत नाही. काही नेहमीच्या जागा सांगतो.

पहिली, सांधा कोणी हलवला. रुग्णाने स्वतः वाकवला तर ७० अंश, डॉक्टरने हाताने हळूच वाकवला तर ९० अंश, असे होऊ शकते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. म्हणून 'स्वतः' की 'डॉक्टरने' हे लिहिलेले असावे.

दुसरी, दुसऱ्या पायाचा आकडा. एखाद्याचा चांगला गुडघाही वयामुळे १२० च वाकत असेल, तर तुलना १४० शी करणे योग्य नाही. चांगल्या बाजूचा आकडा कागदावर असेल तरच हे कळते.

तिसरी, वेळ. प्लास्टर निघाल्यावर लगेच कोणाचाही गुडघा ताठ असतो. तेव्हा मोजून 'कायम' म्हणून लिहिलेली टक्केवारी पुढे टिकत नाही. उपचार संपले आहेत का आणि आणखी सुधारणा अपेक्षित आहे का, हे लिहिणे म्हणूनच गरजेचे असते.

चौथी, आणि जरा अवघड जागा म्हणजे रुग्णाचे सहकार्य. काही जण भीतीने वाकवत नाहीत, काही जण वेदनेने, आणि काही जण टक्क्यांसाठी. अनुभवी डॉक्टर हे ताडून पाहतो. पाय बरेच महिने कमी वापरला गेला असेल तर मांडी बारीक होते. गुडघ्याच्या वाटीपासून ठराविक अंतर वर दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजला की फरक दिसतो. तपासणीत गुडघा ३० अंशांपुढे न नेणारा माणूस नंतर खुर्चीवर पाय खाली सोडून निवांत बसला, तर तिथे गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकलेलाच असतो. हे नोंदवले तर खोटेपणा उघड होतो. आणि घाबरून न वाकवणाऱ्या खऱ्या रुग्णाचे मांडीचे मोजमाप त्याच्या बाजूने बोलते.

म्हणूनच 'निष्कर्ष लिहून दिले तर लोक पाठ करून येतील' ही भीती मला पटत नाही. एक आकडा सांगणे सोपे असते. कोन, ताकद, मांडीचा घेर, एक्स-रे आणि नऊ क्रिया, हे सगळे एकमेकांशी जुळेल असे नाटक करणे फार अवघड आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. मंडळाच्या दिवशी सिव्हिलमध्ये किती गर्दी असते ते मी पाहिले आहे, आणि तिथल्या सहकाऱ्यांवर कामाचा किती बोजा असतो हेही मला माहीत आहे. पण नीट मूल्यमापन करायचे तर हे सगळे मोजावे लागतेच. मोजलेले एका पानावर उतरवून त्याची प्रत रुग्णाला देणे, एवढेच जास्तीचे काम आहे. आणि जिथे ते लिहायला काहीच नसते, तिथे प्रश्न वेळेचा नसून मोजण्याचा असतो.

तुम्ही काय करावे

मंडळासमोर जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, पहिला आणि अलीकडचा एक्स-रे आणि फिजिओथेरपीचे कागद तारखेप्रमाणे लावून न्या. तुम्ही कोणते काम करता आणि त्यातले काय आता जमत नाही, हे दोन वाक्यांत सांगा. 'सगळेच दुखते' असे म्हणण्यापेक्षा 'उकिडवे बसता येत नाही, पाच मिनिटांहून जास्त उभे राहवत नाही' असे सांगितले तर डॉक्टरला तपासायला दिशा मिळते. आणि तपासताना जेवढे जमते तेवढे पूर्ण करून दाखवा. कमी करून दाखवण्याचा मोह टाळा. तो पकडला गेला तर तुमच्या खऱ्या उणिवेवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रमाणपत्र हातात आल्यावर त्यात पुढच्या गोष्टी पाहा:

- टक्के कोणत्या अवयवाच्या संदर्भात आहेत?
- कायम की तात्पुरते? तात्पुरते असेल तर पुन्हा तपासणी कधी?
- कोणत्या तारखेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मूल्यमापन झाले?
- बाजू (डावी की उजवी), नाव आणि निदान बरोबर आहे का?

यातली चूक त्याच दिवशी दाखवली तर लवकर दुरुस्त होते. डावे-उजवे उलटे लिहिलेले प्रमाणपत्र तीन वर्षांनी कोर्टात निघाले तर त्रास तुम्हालाच होतो.

मग तपासणीच्या नोंदींची प्रत मागा. साधा अर्ज पुरे: 'अमुक तारखेला माझी तपासणी झाली. सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, इतर निष्कर्ष आणि टक्केवारीची आकडेमोड असलेल्या नोंदींची प्रत मिळावी.' अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेत, २००२ च्या नियमांत, रुग्णाने वैद्यकीय नोंदी मागितल्या तर मागणीची पोच द्यावी आणि ७२ तासांत नोंदी द्याव्यात असे म्हटले आहे. सरकारी रुग्णालयात माहिती अधिकाराचा मार्गही आहे. भरपाईचा दावा चालू असेल तर ही प्रत तुमच्या वकिलांना आधीच द्या.

आणि एक गोष्ट करू नका. "डॉक्टर, दोन-चार टक्के वाढवून द्या ना, तुम्हाला काय फरक पडतो?" असे कोणालाही म्हणू नका. हे मला अनेकदा ऐकावे लागते, खरे तर माझ्या सहीने हे प्रमाणपत्र मिळतही नाही. वाढवून दिलेल्या टक्क्यांमागे मोजमाप नसते, म्हणून असा कागद पहिल्याच कडक प्रश्नाला कोसळतो. शिवाय फसवून लाभ घेणे किंवा तसा प्रयत्न करणे हा याच कायद्याखाली गुन्हा आहे.

वर सांगितलेली पद्धत हात-पायांच्या दिव्यांगत्वाची आहे. दृष्टी, श्रवण, मानसिक आजार, रक्ताचे आजार यांची मोजणी वेगवेगळ्या तऱ्हेने होते, कोनमापकाच्या जागी दृष्टीचा तक्ता किंवा श्रवणाचा आलेख येतो. पण तिथेही विचारायचे तेच: काय मोजले, कशाने मोजले, आणि त्यातून हा आकडा कसा आला?

शासनाकडे माझी मागणी एका पानाची आहे. प्रमाणपत्रासोबत निष्कर्ष आणि आकडेमोड असलेले एक जोडपत्र सक्तीचे करावे आणि त्याची प्रत न मागता रुग्णाला द्यावी. ते होईपर्यंत अर्ज तुम्हालाच करावा लागेल. तुमच्याकडे असे प्रमाणपत्र असेल तर आज ते काढून वर दिलेल्या चार गोष्टी त्यात सापडतात का ते पाहा. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली असेल तर नोंदींचा अर्ज त्याआधीच देऊन ठेवा, म्हणजे जुने मोजमाप नव्या डॉक्टरांपुढे ठेवता येईल.